घरात दोन देवड्या आणि एक कन्सोल

*आमचे घर उदगीरला आहे. पुढचा भाग जुना, दगडी भिंतींचा. मधे चौक आणि मागे दोन मजली आरसीसी बांधकाम. फायबरवाल्यांनी पुढच्या खोलीत पांढरा डबा बसवला आहे, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. मुलाचा पीएस५ मागे वरच्या मजल्यावर असून तिथे वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून आम्ही चौकातून लॅन केबल ओढून वर एक साधा राउटर जोडला. आता डाउनलोड बरे होते. पण मित्रांच्या पार्टीत आवाज येत नाही, खेळात सामील होता येत नाही आणि कन्सोल NAT Type 3 दाखवतो. दुकानदार म्हणतो मोडेम बदला, मुलगा म्हणतो बारा हजारांचा गेमिंग राउटर घ्या, भाचा म्हणतो नुसता स्विच पुरेल. नेमके काय घ्यावे?*
*— एक पालक, उदगीर*

नमस्कार.

तिघांनी तीन वस्तू सुचवल्या असल्या, तरी तिघांचेही एक गृहीतक समान आहे, ते म्हणजे तुमच्या घरात काहीतरी कमी आहे. पत्र दोनदा वाचल्यावर मला नेमके उलटे वाटते. तुमच्या घरात एक काम दोन ठिकाणी चालू आहे आणि त्यातले एक बंद केले की बहुधा प्रश्न सुटेल. त्यासाठी खर्च झालाच तर दोन मीटरच्या एका केबलचा होईल. मात्र ते काम कोणते हे कळण्यासाठी डबे मोजण्याची सवय सोडून कामे मोजावी लागतील, कारण या विषयातला निम्मा गोंधळ डब्यांच्या नावांमुळे होतो.

कामे चार आहेत. कंपनीच्या तारेतून येणारा संकेत घरातल्या उपकरणांना समजेल अशा रूपात आणणे हे मोडेमचे काम. घर आणि बाहेरचे जग यांच्या सीमेवर उभे राहून आत-बाहेर काय जाईल हे ठरवणे हे राउटरचे काम. घरातल्या अनेक तारा एकमेकींना जोडणे हे स्विचचे काम, आणि तारेवरचे जाळे हवेत, म्हणजे वायफायवर, उपलब्ध करून देणे हे अॅक्सेस पॉइंटचे काम. तुमच्या पुढच्या खोलीतला पांढरा डबा ही चारही कामे एकटाच करतो. म्हणूनच एकाच डब्याला कोणी मोडेम म्हणतो, कोणी राउटर, तर कोणी नुसते ‘वायफाय’, आणि प्रत्येकाचे थोडे थोडे बरोबर असते.

आधी दुकानदाराचा मुद्दा पाहू. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे तेव्हापासून मोडेम हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. फायबरच्या बाबतीत तेच काम करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणे, एवढेच त्याचे काम. कंपनीच्या यंत्रणेत त्याची नोंद अनुक्रमांकानिशी झालेली असते, त्यामुळे बाजारातून दुसरा आणून लावला तरी कंपनीने तो नोंदवून घेतल्याशिवाय चालत नाही. शिवाय ओएनटी बिघडला की ते लपून राहत नाही. पुढच्या बाजूला PON लिहिलेला दिवा स्थिर हिरवा राहण्याऐवजी लुकलुकत राहतो, LOS चा दिवा लाल होतो आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाचे इंटरनेट एकदम जाते. आमच्याकडे एकदा असेच झाले तेव्हा मी अर्धा दिवस सेटिंगमध्ये शोधत बसलो. शेवटी कपाट पुढे ओढल्यावर कळले की ती बारीक तार कपाट आणि भिंतीच्या मधे काटकोनात दुमडली गेली होती. काचेच्या तंतूला इतका तीव्र वाक सहन होत नाही, प्रकाश वाकातून बाहेर गळतो. तुमच्याकडे मात्र डाउनलोड व्यवस्थित चालते, म्हणजे प्रकाश येतो आहे आणि त्याचे रूपांतरही होते आहे. मोडेमला दोष देण्याचे काही कारण नाही.

खरा प्रश्न राउटरच्या कामात आहे. तुमच्या भागात वाडे अजून उभे आहेत, तेव्हा वाड्याच्या देवडीचे उदाहरण घेतो. वाड्यात माणसे कितीही असोत, बाहेरच्या जगाला पत्ता एकच ठाऊक असतो. आतल्या एखाद्या खोलीतून चिठ्ठी बाहेर गेली की देवडीवरचा माणूस वहीत टिपून ठेवतो, आणि उत्तर आले की वही पाहून त्याच खोलीत पोहोचवतो. राउटर अगदी हेच करतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला तो आतला एक क्रमांक देतो आणि बाहेर सर्वांच्या वतीने एकच पत्ता वापरतो. या व्यवस्थेला NAT म्हणतात. डाउनलोड म्हणजे आपण धाडलेल्या चिठ्ठीचे उत्तर असते, त्यामुळे ते बिनतक्रार आत येते. पण पार्टीत बोलताना किंवा काही खेळांत मित्राचे कन्सोल थेट तुमच्या कन्सोलशी बोलू पाहते. तो बोलावणे नसताना दारात आलेला पाहुणा असतो, आणि वहीत त्याची नोंद नसल्याने देवडीवाला त्याला परत पाठवतो.

यावर उपाय म्हणून राउटरमध्ये UPnP नावाची सोय असते. तिच्यामुळे कन्सोल स्वतःच देवडीवर सांगून ठेवते की अमुक दाराने कोणी आले तर माझ्याकडे पाठवा. तुमच्या घरात नेमके इथे अडते. वर जोडलेला राउटर हा कारखान्यातून येतो तसाच, राउटर म्हणूनच चालू आहे, त्यामुळे वाड्याच्या आत दुसरी देवडी उभी राहिली आहे. कन्सोल निरोप देते तो तिच्या जवळच्या, आतल्या देवडीला. बाहेरच्या देवडीला, म्हणजे पांढऱ्या डब्याला, कन्सोल घरात आहे हेही माहीत नाही. त्याच्या वहीत फक्त वरच्या राउटरचे नाव आहे. आतले दार उघडून ठेवले तरी पाहुणा बाहेरच्या दारावरूनच परत जातो. तुमच्या आताच्या राउटरच्या जागी बारा हजारांचा राउटर त्याच पद्धतीने जोडला, तर आतली देवडी भारी होईल, पण देवड्या दोनच राहतील. चिरंजीवांना हे समजावून सांगताना राउटरची किंमत बाजूला ठेवावी आणि तो कुठे, कशा रीतीने जोडला आहे ते दाखवावे.

हे सगळे मी पत्रावरून म्हणतो आहे, म्हणून आधी खात्री करून घ्या. पीएस५ वर Settings, मग Network, मग Connection Status आणि त्यात View Connection Status उघडा. तिथे कन्सोलचा स्वतःचा पत्ता आणि तिच्या राउटरचा पत्ता दिसेल. समजा, कन्सोल 192.168.0.105 आणि राउटर 192.168.0.1 आहे. आता वरच्या राउटरला जोडलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाइप करा, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड द्या आणि WAN किंवा Internet या शीर्षकाखाली त्याला बाहेरून कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहा. तो 192.168.1.7 असा काही असेल, तर निदान पक्के झाले. 192.168 ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले असतात, त्यामुळे राउटरच्या बाहेरच्या बाजूलाही असा पत्ता असणे म्हणजे त्याच्या पलीकडे आणखी एक राउटर असणे. घरात विंडोजचा लॅपटॉप असल्यास तो वरच्या वायफायवर घेऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढे टाइप केले तरी तेच दिसेल:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिल्या दोन ओळींत 192.168.0.1 आणि 192.168.1.1 असे दोन्ही घरगुती पत्ते एकापाठोपाठ आले, तर त्याच तुमच्या दोन देवड्या.

दुरुस्ती अशी आहे की वरच्या राउटरने देवडीचे काम सोडावे आणि फक्त अॅक्सेस पॉइंट व स्विच म्हणून राहावे. बहुतेक नव्या राउटरमध्ये याची तयार सोय असते. त्याच्या पानावर Operation Mode असे काहीतरी लिहिलेले सापडेल. तिथे Router ऐवजी Access Point निवडून जतन करा. राउटर स्वतः बंद होऊन पुन्हा चालू होईल. चौकातून आलेली केबल बहुतेक मॉडेलांत आहे त्याच खाचेत चालते, पण काही मॉडेले ती दुसऱ्या खाचेत लावायला सांगतात, म्हणून पडद्यावरची सूचना वाचावी. यानंतर 192.168.0.1 उघडेनासे झाले की अनेक जण घाबरून राउटर रीसेट करतात आणि केलेले काम पुसून टाकतात. घाबरू नका. आता त्या डब्याला पांढऱ्या डब्याकडून नवा पत्ता मिळाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पांढऱ्या डब्याच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो सापडेल.

राउटर जुना असून त्यात अशी सोय नसेल, तर हेच काम हाताने करता येते, पण क्रम पाळावा लागतो. प्रथम चौकातून आलेली केबल काढून ठेवा, नाही तर दोन्ही बाजूंचे पत्ते एकमेकांत अडकतात. मग लॅपटॉप वरच्या राउटरच्या LAN खाचेत तारेने जोडून राउटरचा स्वतःचा LAN पत्ता 192.168.1.250 असा करा. पांढरा डबा ज्या क्रमांकांच्या टप्प्यातून पत्ते वाटतो, त्या टप्प्याबाहेरचा कोणताही क्रमांक चालेल. तो टप्पा पांढऱ्या डब्याच्या पानावर DHCP खाली लिहिलेला असतो. जतन केल्यावर नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा आणि वरच्या राउटरमधील DHCP बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच असावा. दोघांनी वाटले तर कधी इंटरनेट चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो. शेवटी काढून ठेवलेली केबल पूर्वीच्या WAN खाचेत न लावता LAN च्या एखाद्या खाचेत लावा. सगळी गंमत याच शेवटच्या पायरीत आहे, कारण WAN ची खाच म्हणजेच देवडीचे दार, आणि आपल्याला ते दार वापरायचेच नाही.

यानंतर पांढऱ्या डब्याच्या पानावर जाऊन UPnP चालू आहे ना ते पाहा, कारण आता एकमेव देवडी तीच आहे. मग सर्व काही बंद करून आधी पांढरा डबा चालू करा, PON स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा, त्यानंतर वरचा डबा आणि सर्वांत शेवटी कन्सोल. वीज गेली-आली की हाच क्रम आपोआप बिघडतो आणि कन्सोलला पत्ता न मिळाल्याची तक्रार येते. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल, तर दोन्ही डबे त्यावर घ्यावेत. कन्सोलवर Test Internet Connection चालवल्यावर NAT Type 2 दिसायला हवे. राउटरमागे असलेल्या कन्सोलसाठी हाच योग्य निकाल होय. Type 1 म्हणजे कन्सोल थेट बाहेर उघडे ठेवणे. त्याच्या मागे लागू नये. ज्या वाचकांकडे एक्सबॉक्स आहे त्यांना आकड्यांऐवजी Open, Moderate, Strict असे शब्द दिसतील. यातला Strict म्हणजेच तुमचा Type 3.

आता भाच्याकडे वळतो, कारण त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वरचा राउटर काढून तिथे साधा पाच खाचांचा स्विच लावला असता, तरी दुसरी देवडी गेली असती आणि तारेने जोडलेले कन्सोल व्यवस्थित चालले असते. स्विचला पत्ते वाटता येत नाहीत आणि कोणाला अडवताही येत नाही. तो फक्त एका तारेवरचे बोलणे योग्य त्या तारेवर पोहोचवतो, आणि त्यात लागणारा वेळ खेळताना जाणवण्याइतका कधीच नसतो. पण मग वरच्या मजल्यावरील फोनचे वायफाय गेले असते. तुमच्या वरच्या डब्याच्या पाठीमागे लॅनच्या तीन-चार खाचा आहेतच, म्हणजे स्विच तुम्ही आधीच घेतलेला आहे. तिथे कन्सोल, टीव्ही आणि संगणक मिळून खाचा संपल्या, तरच वेगळा स्विच आणावा. (निन्टेन्डोच्या कन्सोलचेही नाव स्विचच आहे. दुकानात मुलाला पाठवणार असाल, तर ‘लॅनचा स्विच’ असे स्पष्ट सांगून पाठवा.)

खर्च करायचाच असेल तर तो तारेवर करा. पीएस५ च्या मागे लॅनची खाच असते. वरच्या डब्यापासून तिथपर्यंत दोन मीटरची केबल जोडली की कन्सोलपुरता वायफायचा प्रश्न मिटतो. चौकातल्या केबलकडेही एकदा नीट पाहा. तिच्या बाहेरच्या आवरणावर CAT5E किंवा CAT6 छापलेले असावे, आणि टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये आठही रंगीत तारा दिसायला हव्यात. काही कारागीर चारच तारा जोडतात. तशी केबल चालते, पण १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. आजच्या प्लॅनला तेवढे पुरते, पण उद्या प्लॅन वाढवला तर पैसे वाया जातील. घरात वापरायची साधी केबल उघड्या चौकात टाकली असेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकते. ती पाइपातून घ्यावी. शिवाय तांब्याची केबल विजेचा धक्का वाहून नेते, म्हणून जूनच्या सुरुवातीला किंवा परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की तिची दोन्ही टोके काढून ठेवण्याची सवय लावा. फायबरची काच हा धक्का नेत नाही, लॅन नेते.

मुलगा प्लॅन वाढवण्याचा विषय काढीलच, म्हणून थोडा हिशेब. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ५० जीबीचा खेळ उतरायला साधारण एक तास सात मिनिटे लागतात. वेग दुप्पट केला तर ही वेळ निम्मी होईल. प्रत्यक्ष खेळताना मात्र कन्सोल बहुधा १ एमबीपीएसदेखील वापरत नाही. तिथे महत्त्व असते ते निरोप किती लवकर आणि किती समान अंतराने पोहोचतात याला. दुसरे कोणी फोनमधले शेकडो फोटो क्लाउडवर चढवत असताना खेळ अडखळत असेल, तर कोणत्या उपकरणाला अग्रक्रम द्यायचा हे ठरवणारा चांगला राउटर खरोखर उपयोगी पडतो. गेमिंग राउटरचा एवढा एक मुद्दा मला मान्य आहे. पण मग तो पांढऱ्या डब्याच्या जागी देवडी म्हणून बसला पाहिजे, आणि त्यासाठी कंपनीला सांगून पांढरा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे केवळ मोडेम म्हणून, ठेवून घ्यावा लागतो.

वायफायबद्दल एवढेच की तुमच्या जुन्या भागातील दोन हात रुंद दगडी भिंत आणि मागच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्या यांतून लहरी पार व्हाव्यात ही अपेक्षा कोणत्याच डब्याकडून करू नये. तुम्ही तार ओढून वर डबा बसवलात तो निर्णय योग्यच होता. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर घेतला असता, तर त्याने खाली मिळणारा क्षीण संकेत अर्ध्या वेगाने वर पोहोचवला असता. आता दोन्ही डब्यांना वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच द्या, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल 1 व दुसऱ्याला 11 ठेवा, म्हणजे ते एकमेकांच्या बोलण्यात बोलणार नाहीत.

एवढे करूनही Type 3 च राहिले, तर तिसरी देवडी शोधावी लागेल, आणि ती घराबाहेर असते. पांढऱ्या डब्याच्या पानावर WAN चा पत्ता पाहा. तो 100.64 ते 100.127 यांदरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. पत्ते अपुरे असल्याने अनेक कंपन्या तसे करतात, आणि त्या देवडीची वही तुमच्या हातात नसते. अशा वेळी कंपनीला फोन करून ‘नेट स्लो आहे’ असे सांगू नका, कारण मग ते वेग मोजून दाखवतील आणि तक्रार बंद करतील. ‘आमच्या कनेक्शनवर सीजी-नॅट आहे, आम्हाला पब्लिक आयपी हवा आहे, त्याचे महिन्याला किती पडतील?’ असे विचारा.